डेटा एन्ट्रीचा कोर्स काढायच्या आधी एकदा आमची खतावणी पाहा : तालुक्याच्या कॉलेजला खुलं पत्र

माननीय संस्थाचालक, प्राचार्य साहेब आणि कॉमर्सच्या सगळ्या सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

परवा एसटी स्टँडवर तुमच्या कॉलेजचा बोर्ड पाहिला, ‘डेटा एन्ट्री व ऑफिस ऑपरेटर, सहा महिन्यांचा कोर्स, खेड्यातल्या मुलामुलींना नोकरीची संधी’. माझी पुतणी बी.कॉम. फायनलला तुमच्याकडंच आहे, तिनं घरी येऊन विचारलं की काका, हा कोर्स करू का. मी दोन दिवस तिला उत्तर दिलं नाही, कारण ‘करू नको’ म्हणणं सोपं आहे पण मग काय कर हे सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगायचं तर तिच्यापेक्षा आधी तुम्हाला सांगायला पाहिजे, म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

मी ३१ वर्षं सेवा सहकारी सोसायट्यांचा गटसचिव होतो. १९९१ ला लागलो तेव्हा किर्द, खतावणी, तेरीज, कमाल मर्यादा पत्रक सगळं हातानं. महिन्याच्या शेवटी तेरीज जुळली नाही तर रात्रभर कंदिलाशी बसून फरक शोधायचा. २०२२ ला रिटायर झालो. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारनं देशातल्या ६३,००० सोसायट्या कॉम्प्युटरवर, एकाच धर्तीच्या सॉफ्टवेअरवर आणायची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे मी जे काम शिकायला पाच-सहा वर्षं घातली, खतावणी चढवणं, व्याज काढणं, तेरीज करणं, ते आता बटणावर होणार आणि ते चांगलंच आहे. हातानं व्याज काढताना आमच्याकडून चुका व्हायच्या आणि त्या चुकीचा भुर्दंड शेतकऱ्याला बसायचा, हे मी कबूल करतो.

पण कोणतं काम गेलं आणि कोणतं उरलं हे मला नीट कळलं ते २०१७ च्या कर्जमाफीत. ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या कोर्सचा प्रश्न तिथंच सुटतो असं मला वाटते.

तुम्हाला आठवत असेल, ३० जून २०१६ ची थकबाकी, कुटुंबाला दीड लाखापर्यंत माफी, आणि सगळे अर्ज ऑनलाइन. एकीकडून शेतकऱ्यानं सेवा केंद्रावर अर्ज भरायचा, दुसरीकडून बँकेनं आणि आम्ही प्रत्येक खात्याची ६६ कॉलमची माहिती भरायची, मग वर मशीन दोन्ही जुळवणार. जुळलं तर हिरवी यादी, नाही जुळलं तर पिवळी. माझ्याकडं तीन गावांच्या सोसायट्या होत्या, सहाशेच्या वर कर्जदार. त्यातले पाचशेच्या आसपास आपोआप जुळले, त्याला माझी काही गरज पडली नाही. आडले ते शंभरेक.

ह्या शंभरातले साठ-पासष्ट तर नुसत्या नावाचे. आधारवर ‘विठ्ठल’, आमच्या खतावणीत ‘विठोबा’, सातबाऱ्यावर ‘विठ्ठलराव’, माणूस एकच. आपल्याकडं कोणी ‘जी’ लावते कोणी ‘भाऊ’ लावते, बायांचं माहेरचं नाव वेगळं सासरचं वेगळं. तेव्हा हे सगळं आम्ही डोळ्यानं पाहून सोडवलं. आज हे कामही मशीन करते. दोन नावं किती सारखी आहेत ह्याचे मार्क काढते, समजा शंभरपैकी ८५ आले तर एकच माणूस धरते. फक्त हे ८५ ठरवणं माणसाच्या हातात आहे. ९५ ठेवलं तर खरे लोक आडतात, ७० ठेवलं तर दोन चुलतभाऊ, ज्यांचं नाव सारखं आणि बापांची नावं ‘गणपत’ आणि ‘गणेश’, ते एक होऊन जातात आणि एकाची माफी दुसऱ्याच्या खात्यात जाते. हे कसं ओळखायचं तर नाव सोडून द्यायचं आणि आठ-अ चा खाते नंबर आणि गट नंबर पाहायचा, कारण दोन माणसांचं नाव एक असू शकते पण वावराचा धुरा एक नसतो.

पंचवीसेक आधार नंबरचे. आता इथं एक गोष्ट सांगतो, ती मला खूप उशिरा कळली आणि कॉमर्सच्या प्रत्येक पोराला पहिल्याच वर्षी कळायला पाहिजे. आधारचे जे १२ आकडे असतात त्यातला शेवटचा आकडा आधीच्या ११ वरून गणितानं काढलेला असतो. म्हणून टाइप करताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे झाले तर मशीनला तिथल्या तिथं कळते, हा नंबरच होऊ शकत नाही. माणसानं डोळे फोडून तपासायची गरज नाही. पण नंबर बरोबर असेल आणि तो दुसऱ्याचाच असेल, तर मशीन म्हणते ठीक आहे. आकडा बरोबर असणं वेगळं आणि आकडा त्या माणसाचा असणं वेगळं. माझं सगळं पत्र ह्या एका वाक्यावर उभं आहे.

उरले चौदा. ह्या चौदांना मला दीड महिना लागला, बाकी सहाशेला मिळून लागला नाही तेवढा.

त्यातलं एक सांगतो. एक म्हातारी, नवरा २०१२ ला वारला, कर्ज नवऱ्याच्या नावावर. फॉर्ममध्ये आधारशिवाय पुढं जाता येत नव्हतं आणि मेलेल्या माणसाचं आधार कधी काढलंच नव्हतं, तर कोणीतरी तिथं मोठ्या पोराचं आधार टाकून दिलं. फॉर्म गेला. पण त्या पोराचं स्वतःचं वेगळं कर्ज होतं, त्यालाही तेच आधार. मशीनला काय दिसलं, एक माणूस, दोन कर्जं, आणि नाव दोन ठिकाणी वेगळं. दोन्ही खाती आडली. स्क्रीनवर ह्याचं कारण एका ओळीत येते, आणि ती ओळ वाचून कोणालाही वाटेल की पोरगा लबाडी करून राहिला. गावात तसं बोललंही गेलं, म्हातारी माझ्यासमोर रडली.

मी काय केलं तर उलटं चालत गेलो. पहिलं, आमची मूळ कर्ज खतावणी काढली, कर्ज उचललं त्या तारखेला सही कोणाची आहे ते पाहिलं, नवऱ्याचा अंगठा होता. मग मृत्यूचा दाखला. मग तलाठ्याकडं वारस नोंदवही, तिथून फेरफार नंबर, फेरफारावरून आजच्या सातबाऱ्यावर कोण कोण चढलं ते, म्हातारी आणि दोन पोरं. मग पोराच्या स्वतःच्या कर्जाचा गट नंबर वेगळा आहे हे दाखवलं, ते वावर त्यानं लग्नानंतर घेतलेलं. हे पाच कागद एका दोऱ्यात लावले, वर एक पान लिहिलं, साध्या मराठीत, की ही दोन कर्जं दोन माणसांची का आहेत आणि आधार एकच का दिसते. तालुक्याच्या समितीतल्या साहेबांनी ते पान वाचलं, कागद उलटून पाहिले आणि दहा मिनिटांत विषय मिटला. त्या पानावर माझी सही होती. चुकलं असतं तर मला विचारणार होते, म्हणून तर त्यांनी ते ग्राह्य धरलं.

आता सांगा, ह्यात टायपिंग कुठं आलं? आणि हे सगळं तुमच्या बोर्डावरच्या कोणत्या विषयात शिकवणार?

तुम्ही म्हणाल हे २०१७ चं झालं, आता मशीन लय पुढं गेलं. खरं आहे. आता मशीन हातानं लिहिलेलं जुनं रजिस्टर फोटोवरून वाचते, बोललेलं टाइप करते, पत्राचा मसुदाही करून देते. क्लार्कच्या भरतीला मराठी ३० चा स्पीड मागतात म्हणून आमच्या पिढीनं टायपिंगच्या क्लासला वर्ष वर्ष घातलं. आमच्या टायपिंगच्या सरांबद्दल मला आजही आदर आहे, पण त्या ३० शब्दांवर घर चालवायचे दिवस संपत आले. २०४५ ला माझी पुतणी चाळिशी ओलांडेल, तोपर्यंत निव्वळ बघून टाइप करायचं काम शिल्लक राहील असं मला वाटत नाही.

पण मशीन हुशार झालं की चुकीची जात बदलते. आमच्या हाताच्या रजिस्टरात जिथं शंका होती तिथं खाडाखोड दिसायची, शाई वेगळी दिसायची, समासात पेन्सिलनं ‘पाहणे’ लिहिलेलं असायचं. चूक आपला पत्ता सांगत होती. मशीननं वाचलेल्या यादीत तसं काही राहत नाही. पुसट ‘१’ होता का ‘९’ होता, त्यानं अंदाज केला आणि स्वच्छ टाइपात ‘९’ लिहून दिलं. चुकलेली ओळ आणि बरोबर ओळ दिसायला सारखीच. म्हणून तपासायची पद्धत शिकली पाहिजे, आणि ती पद्धत जुनीच आहे, ऑडिटवाले पहिल्यापासून वापरतात. पहिलं म्हणजे बेरीज, रजिस्टरच्या पानाखालची हाताची बेरीज आणि मशीनच्या यादीची बेरीज जुळते का. नाही जुळली तर पानापानानं फरक पकडायचा. दुसरं, दोन्हीकडून चालायचं. रजिस्टरातून काही नोंदी उचलून यादीत शोधायच्या, त्यानं सुटलेले कळतात. मग यादीतून काही उचलून रजिस्टरात शोधायच्या, त्यानं नसलेले घुसलेले कळतात. एकाच बाजूनं गेलं तर अर्धी चूक दिसतच नाही.

आणि किती नोंदी तपासायच्या? इथं आमचे लोकही फसतात, वीस पाहिल्या, सगळ्या बरोबर निघाल्या, म्हणून सही करून मोकळे होतात. समजा यादीत शंभराला ५ चुका आहेत. वीस नोंदी कशाही उचलून पाहिल्या तर एकही चूक हाती न लागण्याची शक्यता तिनात एकाहून थोडी जास्तच आहे. साठ पाहिल्या तर ती वीसात एकावर येते. हे गणित अकरावीचं आहे, ०.९५ हा आकडा वीस वेळा मांडून एकमेकांशी गुणा, मग साठ वेळा मांडून गुणा. पण पोरांना ते बॉलच्या पिशवीवर शिकवतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. सोसायटीच्या यादीवर शिकवा ना.

आता दुसरी गोष्ट, विश्लेषणाच्या कामाची. तुमच्याकडं बी.कॉम.च्या पोरांना वाटते की क्लार्कचं काम जाईल पण आपण ‘डेटा अॅनालिसिस’ शिकलो, चार्ट काढता आला, की सुरक्षित आहोत. चार्ट काढणं तर टायपिंगच्याही आधी जाईल. मशीनला सांगितलं की ते काढते. राहील ते हे कळणं, की चार्टमधला आकडा कसा जन्माला आला.

आपल्याकडचं ‘नवंजुनं’ घ्या. गावातल्या कोणालाही विचारा काय असते ते. वेळेत पीककर्ज भरलं की पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज लागत नाही, आणि नवीन कर्जही मिळते. म्हणून मार्चअखेर सगळ्यांची धावपळ. आता एक शेतकरी, कर्ज ८०,००० चं. कपाशी बोंडअळीनं गेली, हातात काही नाही. तो खासगीतून ८०,००० उचलतो, पंधरा दिवसांसाठी शेकडा ३ नं, म्हणजे २,४०० वर. २९ मार्चला सोसायटीत भरतो. ८ एप्रिलला दहा टक्के वाढीनं ८८,००० चं नवीन कर्ज मिळते. त्यातून ८२,४०० खासगीवाल्याला परत. हाती राहिले ५,६००. ह्यात बी, खत, फवारणी, वर्षाचं सगळं.

हाच माणूस कॉम्प्युटरच्या रिपोर्टमध्ये कसा दिसते? वेळेत परतफेड, थकबाकी शून्य, कर्जमर्यादा वाढलेली, उत्तम खातेदार. असे शंभर खातेदार असले की सोसायटीची वसुली ९० टक्क्यांच्या वर दाखवते, वर जाणाऱ्या चार्टवर गाव हिरवं दिसते, आणि त्याच गावात कृषी केंद्राची उधारी चढलेली असते. दोन-तीन हंगामांनी एखाद्या वर्षी खासगीवाला पैसे देत नाही आणि सगळी खाती एकदम कोसळतात. मग वरून विचारतात, अचानक काय झालं. अचानक काहीच झालेलं नसते.

हे आधी कसं ओळखायचं? तीन खुणा आहेत. भरणा मार्चच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत, रोखीनं आणि एका दमात. नवीन उचल पंधरा दिवसांच्या आत आणि जवळपास तेवढीच. आणि त्या खात्यात हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी, कापूस-सोयाबीन विकल्याचा जमा कुठंच नाही. तिन्ही खुणा एका खात्यात दिसल्या की समजायचं, हे पैसे वावरातून आलेले नाहीत. तरी एवढ्यावरून थेट आरोप करायचा नाही, कारण कोणी व्यापाऱ्याकडून रोख घेऊन घरात ठेवते, कोणी पोराच्या पगारातून भरते. त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं आणि विचारायचं. माणूस सांगते, विचारणारा वसुलीला आलेला नसला तर.

मी रिटायर व्हायच्या वर्षी ही गोष्ट आमच्या बँकेत नव्यानं लागलेल्या एका पोरीला बोलता बोलता सांगितली. तिनं खातेउतारे घेतले, तारखांची वजाबाकी लावली आणि दहा मिनिटांत तिन्ही गावांची अशी सगळी खाती माझ्यासमोर ठेवली. मला ते काम करायला हातानं आठवडा लागला असता. म्हणजे मशीननं ते काम माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं केलं, हे मी मनापासून मान्य करतो. पण काय शोधायचं हे त्या यादीत कुठं लिहिलेलं नव्हतं, ते गावातून आलं. तिला यादी लावता येत होती, मला नवंजुनं माहीत होतं. येत्या वीस वर्षांत ह्या दोन गोष्टी ज्या एका डोक्यात असतील त्या माणसाला काम राहील.

एक कडू गोष्टही लिहितो, नाहीतर पत्र अर्धं राहील. असे चौदा आडलेले मामले सोडवायला सहाशे माणसं लागत नाहीत. जागा कमी होणार. २०२३ ला तलाठ्याच्या साडेचार हजार जागांना दहा लाखांवर अर्ज आले, आपल्या तालुक्याच्या अभ्यासिकेतली पोरं-पोरी त्यात होती, आणि पुढं जागा वाढतील असं त्यांना सांगणं मला बरोबर वाटत नाही. आणि अजून एक अडचण आहे जी मला रात्री झोपू देत नाही. मी ते चौदा मामले सोडवू शकलो कारण त्याच्या आधी पंचवीस वर्षं मी तीच कंटाळवाणी खतावणी हातानं चढवली होती. प्रत्येक घराचं कर्ज, वारस, भांडण माझ्या हाताखालून गेलं होतं. ती पायरी मशीननं काढून घेतली. मग पुढची पोरगी अवघड काम शिकणार कुठून? सोपं काम मशीन करणार आणि अवघड कामाला अनुभवी माणूस पाहिजे म्हणणार. हा प्रश्न ऑफिसवाले सोडवणार नाहीत, त्यांना आज काम निघाल्याशी मतलब. तो कॉलेजलाच सोडवावा लागेल.

म्हणून माझी मागणी अशी आहे. कोर्स बंद करू नका, बदला. सहा महिन्यांतला टायपिंगचा आणि कोणत्या मेनूत काय आहे ह्याचा भाग महिनाभरात उरका, ते मेनू पाच वर्षांत बदलतात. माझ्या पहिल्या कॉम्प्युटर क्लासचं आज मला काहीच कामी येत नाही. उरलेले पाच महिने पोरांसमोर आडलेले मामले ठेवा. आपल्या भागातल्या सोसायट्यांची जुनी रजिस्टरं, नावं झाकून, संचालक मंडळाची परवानगी घेऊन मिळू शकतात. एका बाजूला हाताचं रजिस्टर, दुसऱ्या बाजूला मशीनची यादी, आणि त्यात जाणूनबुजून घातलेल्या तीस चुका. शोधा. सापडल्या तर कशा सापडल्या ते एका पानावर लिहा, असं की तालुक्याचा साहेब दहा मिनिटांत वाचून निर्णय देईल. किर्द-खतावणी-तेरीज एकदा तरी पूर्ण हातानं करायला लावा, कॉम्प्युटरवर काय होते ते त्याशिवाय दिसत नाही. सातबारा, आठ-अ, फेरफार, वारस नोंद ह्यांचं एकमेकांशी नातं काय आणि लेखनातली चूक जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली कशी दुरुस्त होते, हे तलाठ्याला बोलावून शिकवा. आणि प्रत्येक पोराला महिन्यातून एक दिवस गावात पाठवा, एका कुटुंबाचा वर्षाचा पैसा कुठून आला कुठं गेला ते लिहून आणायला. लाजणारी पोरं दोन महिन्यांत बोलायला लागतात, मी पाहिलं आहे.

सही कोणाची हेही शिकवा. मशीनच्या यादीखाली सही करणारा माणूस काय तपासून सही करते, किती तपासून करते आणि केव्हा सही करायला नाही म्हणते. ‘नाही’ म्हणताना कारण लेखी द्यावं लागते, त्याचा सराव ह्याच वयात झाला पाहिजे. मी पहिल्यांदा नाही म्हणालो तेव्हा नोकरीला अकरा वर्षं झाली होती आणि त्याच्या आधी मी ज्या दोन याद्यांवर न पाहता सही केली त्यातल्या एका यादीत एका विधवेचं नाव सुटलं होतं. तिला ते वर्ष कर्ज मिळालं नाही. ती आजही दिसली की मी थांबतो.

शिकवायला माणूस कोण, असं तुम्ही विचाराल. आपल्या तालुक्यात रिटायर गटसचिव, तलाठी, बँकेचे इन्स्पेक्टर मिळून दहा-बारा जण तरी आहेत, घरी बसून आहेत. मी चौघांशी बोललो, ते यायला तयार आहेत, मानधनाचा विषय कोणी काढला नाही. माझ्याकडं त्या चौदा मामल्यांच्या माझ्या हातच्या टिपणांची वही आहे, नावं खोडून मी ती झेरॉक्स करून ठेवली. सोमवारी बाजार असते म्हणून सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी ११ वाजता बोलवा, वही घेऊन येतो. पुतणीला मी सांगितलं आहे की कॉलेजचं उत्तर येईपर्यंत फी भरू नको.

आपला,
एक सेवानिवृत्त गटसचिव